माटोळी सोडून चेहराच का दिसतो?

‘चलयेक सोबीत म्हणलें की पुरो, बाकीचें सगळें पुस्तकांतलें.’ डिचोली-पेडणे पट्ट्यात स्थळं जुळवणारे एक वडीलधारे गृहस्थ आहेत, त्यांचं हे ठाम मत. पूर्वी ते पत्रिका घेऊन घरोघरी जायचे, आता बायोडाट्याची पीडीएफ व्हॉट्सअॅपवर फिरवतात. दोन्ही घरांना स्थळ पसंत पडलं आणि मुलामुलींनी आपसात बोलून घ्यावं असं ठरलं, की मुलाला ते नंबरासोबत एक सल्लाही देतात. पहिला मेसेज टाक, ‘फोटोत खूप छान दिसताय.’ पुढचं आपोआप होतं.

पुढचं आपोआप होत नाही. बहुतेक वेळा पुढे काहीच होत नाही, आणि मग मुलगा म्हणतो मुलगी गर्विष्ठ आहे.

तरी खोडण्याआधी त्यांची बाजू पूर्ण मांडतो, कारण ती अगदीच टाकाऊ नाही. त्यांचं पहिलं म्हणणं असं, की फोटो पाठवला जातो तो बघण्यासाठीच. बघून आवडला आणि तसं म्हटलं नाही, तर ते ढोंग. दुसरं म्हणणं, स्तुती कोणाला नको असते? आणि रूपाची तर हवीच असते. तिसरं म्हणणं मला सगळ्यात आवडलं. ते म्हणाले, हल्लीची शिकलेली पोरं ‘तुमचे विचार आवडले’, ‘तुमची पर्सनॅलिटी वेगळी वाटते’ असलं लिहितात, ते रूपाच्या स्तुतीहून खोटं. रूप निदान फोटोत दिसतं, विचार कुठे दिसले?

तिसऱ्या मुद्द्यावर मी त्यांच्याशी पूर्ण सहमत आहे. ‘तुमचे विचार छान आहेत’ हे वाक्य कोणालाही, कधीही, काहीही न वाचता पाठवता येतं. पण त्यातून रूपाची स्तुती बरी ठरत नाही. ‘छान दिसताय’ हेही वाक्य कोणालाही, कधीही, नीट न बघता पाठवता येतं. दोन्ही वाक्यांचा दोष एकच आहे. तो रूप की गुण यात नाही, वाक्य त्या एका माणसासाठी लिहिलेलं आहे की नाही यात आहे. गृहस्थांनी रोग बरोबर ओळखला आणि औषध म्हणून तोच रोग दिला.

आता त्यांच्या पहिल्या मुद्द्याकडे येतो, म्हणजे फोटोकडे. हवेत बोलण्यापेक्षा एक प्रोफाइल समोर ठेवू. माणूस कल्पनेतला आहे, पण असे बायोडाटे या भागातल्या कोणाच्याही फोनमध्ये सापडतील. मुलगी शिरगावची, वय सत्तावीस, औषधाच्या कंपनीत क्वालिटी कंट्रोलला. फोटो तीन. पहिला स्टुडिओतला, साडीतला. दुसऱ्यात ती चवथीच्या आदल्या संध्याकाळी स्टुलावर उभी आहे, हात वर, डोक्यावर अर्धी बांधून झालेली माटोळी. तिसरा कुठल्यातरी रंगमंचाच्या विंगेतला, हातात पानं, चेहरा अर्धा अंधारात. खाली दोन ओळी: ‘घरची माटोळी मीच बांधते. गावच्या नाटकात प्रॉम्प्टिंग करते, भूमिका मागू नका.’

हे सगळं बघून कोणी ‘साडीत खूप गोड दिसताय’ लिहिलं, तर गृहस्थ म्हणतील प्रामाणिक आहे. मी म्हणतो, निम्मंही बघितलेलं नाही. तिने तीन फोटोंपैकी दोन असे निवडले ज्यात तिचा चेहरा धड दिसतच नाही. सत्तावीस वर्षांच्या मुलीकडे चेहरा दिसणारे फोटो कमी असतात असं नाही. ते बाजूला ठेवून तिने माटोळी आणि विंग पुढे केली, म्हणजे मला याबद्दल विचारा असं तिने जवळजवळ लिहूनच दिलं. तरीही जो चेहऱ्यावर थांबतो त्याच्या प्रामाणिकपणाचं कौतुक कशाला करायचं?

माटोळी म्हणजे काय हे गोव्याबाहेरच्या वाचकासाठी थोडक्यात सांगतो. गणपतीच्या वर छताला लाकडी चौकट टांगतात आणि तिला त्या मोसमातली फळं, फुलं, रानातला जिन्नस बांधतात. असोले नारळ, सुपारीची शिपटी, तोरिंजन, आंबाडे, चिबूड, शिवाय कवंडळ, माट्टीची फळं, कांगलां अशा गोष्टी ज्या एरवी कोणी विकत घेत नाही. चवथीच्या आधी डिचोलीत माटोळीचा बाजार भरतो तेव्हा रानाजवळच्या वाड्यांवरून माणसं हा माल घेऊन येतात. बांधणाऱ्याला वजनाचा अंदाज लागतो. जड नारळ एका बाजूला गेले की चौकट कलते. नाजूक फळ आधी बांधलं तर सणाच्या दिवसांतच सुकतं किंवा गळून पडतं. कवंडळाचा लाल-केशरी रंग कुठे आला म्हणजे उठून दिसेल हेही बघावं लागतं. एवढं जिला करता येतं तिला ‘गोड’ म्हणणं म्हणजे तिचं काम न बघता पुढे जाणं.

मग लिहायचं काय? असं काहीतरी: ‘दुसऱ्या फोटोत कवंडळं दिसली. आमच्याकडे गेली काही वर्षं माटोळीला ती मिळालीच नाहीत. तुम्ही बाजारातून घेता की रानातून कोणी आणून देतं?’

या मेसेजात स्तुतीचं एकही विशेषण नाही. तरी ती स्तुती आहे, कारण फोटोतला जो तपशील दहांपैकी नऊजणांना दिसला नसता तो दिसला, आणि तो तिथे असणं सोपं नाही हेही लिहिणाऱ्याला ठाऊक आहे. शिवाय तिला उत्तर देण्याजोगं काही हातात दिलं. ‘गोड दिसताय’ला उत्तर एकच असतं, ‘थँक्स’, आणि थँक्सनंतर दोघांनाही बोलायला काही उरत नाही. मग मुलगा घाबरून ‘जेवलात का’ विचारतो. जेवलात का विचारणाऱ्यांची संख्या आपल्याकडे प्रचंड आहे, आणि त्यातल्या बऱ्याचजणांवर ती वेळ स्वतःच्याच पहिल्या मेसेजाने आणलेली असते.

तिसऱ्या फोटोवर तर आणखी चांगला मेसेज लिहिता येतो. गोव्यात जत्रेला, काल्याला गावचीच माणसं मराठी नाटक उभं करतात. दिवसभर नोकरी, रात्री तालीम, आणि प्रयोगाच्या दिवशी दुसऱ्या अंकात कोणीतरी हमखास पानं उडवतो. तेव्हा विंगेतला प्रॉम्प्टर त्याला परत रुळावर आणतो. हे त्याने इतक्या हळू करायचं असतं की पहिल्या रांगेला ऐकू जाऊ नये, आणि इतक्या वेळेवर की नटाची फजिती होऊ नये. टाळ्या त्याला कधीच मिळत नाहीत. हे ज्याला माहीत आहे त्याने लिहावं: ‘भूमिका नको, प्रॉम्प्टिंग हवं असं म्हणणारं माणूस मी पहिल्यांदा बघतोय. नट चार पानं पुढे उडी मारतो तेव्हा तुम्ही त्याला मागे ओढता की तुम्हीच पुढे जाता?’ नाटकवाल्या माणसाला हा प्रश्न विचारल्यावर तो गप्प बसू शकत नाही. त्याच्याकडे याचे किस्से असतातच.

ज्याला हे माहीत नाही त्याने माहीत असल्याचा आव आणू नये. ‘मीही माटोळी बांधतो’ असं खोटं लिहिलं तर दुसऱ्याच मेसेजात ती विचारेल, माट्टीची फळं तुमच्याकडे कुठे मिळतात, आणि मग गूगल करत बसावं लागेल. न माहीत असणाऱ्याचा मेसेज साधा असतो: ‘प्रॉम्प्टर नेमकं काय बघत असतो, पानं की नटाचा चेहरा? मला खरंच माहीत नाही.’ कुतूहल हीसुद्धा स्तुतीच आहे, आणि ती खोटी करणं अवघड, कारण पुढचं उत्तर ऐकून घ्यावं लागतं.

गृहस्थांचा दुसरा मुद्दा, स्तुती सगळ्यांना आवडते आणि रूपाची सर्वांत जास्त. आवडते यावर वाद नाही. पण आवडणं आणि उत्तर द्यावंसं वाटणं यांत अंतर आहे. 2009 साली ओकेक्युपिड या अमेरिकी डेटिंग साइटच्या संस्थापकांपैकी क्रिश्चन रडर यांनी साइटवरचे पाच लाखांहून जास्त पहिले मेसेज तपासले. कोणत्या शब्दांना उत्तर येतं आणि कोणत्यांना येत नाही, एवढंच बघायचं होतं. सुंदर, मादक अशा अर्थाचे रूपवाचक शब्द असलेल्या मेसेजांना उत्तरं कमी आली. उलट ‘तुम्ही लिहिलंय की’, ‘माझ्या लक्षात आलं की’ अशा शब्दांनी, म्हणजे प्रोफाइल वाचल्याच्या खुणांनी, उत्तरं वाढली. हा अभ्यास जुना, इंग्रजीतला, अमेरिकेतला. तो जशाचा तसा शिरगावला लावू नये. त्या साइटवर मुलगी अनोळखी माणसाला उत्तर देते किंवा देत नाही, प्रकरण संपतं. आपल्याकडे दोन घरांच्या ओळखीत मेसेज येतो, तेव्हा न आवडलेल्या मेसेजालाही तिला ‘थँक्स’ लिहावंच लागतं. नाहीतर मावशी विचारते, उत्तर का नाही दिलंस? म्हणजे आपल्याकडे उत्तर आलं हा पुरावाच नाही. बघायचं ते उत्तरात काय आलं. तिने तुम्हाला न विचारलेला एखादा तपशील दिला का? तिने उलट काही विचारलं का? दोन्ही नसेल, तर तुमची स्तुती तिने सौजन्याने खाली ठेवली आहे असं समजावं.

रूपाची स्तुती आपल्या भागात आणखी एका कारणाने जड होते. बायोडाट्यात ‘वर्ण: गोरा’ लिहायची पद्धत अजून पूर्ण गेलेली नाही. शादी डॉट कॉमवर वर्णानुसार स्थळं निवडण्याची सोय होती, ती 2020 साली अमेरिकेतून सुरू झालेल्या ऑनलाइन सह्यांच्या मोहिमेनंतर काढली गेली. पण नातेवाइकांच्या डोक्यातून ती कोणी काढलेली नाही. अशा वातावरणात वाढलेल्या मुलीला ‘फोटोत खूप छान दिसताय’ म्हटलं, की तिला त्यातला ‘फोटोत’ ऐकू येतो. प्रत्यक्षात काय म्हणाल याची चाचणी लगेच सुरू होते. सावळ्या मुलीला तर ही स्तुती कधीकधी सांत्वनासारखी लागते, लिहिणाऱ्याच्या मनात तसं काही नसलं तरी.

याचा अर्थ दिसण्याबद्दल कधी बोलूच नये असा नाही. दिसण्यातही निवड असते आणि निवडीचं कौतुक वेगळं. पहिल्या फोटोतली साडी तांबड्या चौकटींची कुणबी असेल, तर ‘कुणबी साडी हल्ली फार कमी दिसते, तुम्हाला कुठे मिळाली?’ हे चालतं. वेंडेल रॉड्रिक्स यांनी ती साडी पुन्हा लोकांपुढे आणली, त्यामुळे शहरांतही तिला मान आहे, आणि ती नेसणाऱ्या मुलीकडे तिच्याबद्दल सांगायला बहुधा काहीतरी असतं. अंगाकडून कापडाकडे सरकलं की वाक्य मोकळं होतं. आणि भेटीगाठी सुरू झाल्यावर, एकमेकांचा आवाज ओळखीचा झाल्यावर, ‘आज सुंदर दिसत होतीस’ म्हणायला कोणाची हरकत असेल? तेव्हा त्या वाक्याला एक दिवस आणि एक प्रसंग चिकटलेला असतो.

आता थोडं माझ्याच बाजूच्या लोकांशी भांडतो. रूपाची स्तुती नको असं एकदा ठरलं, की मंडळी गुणांच्या स्तुतीकडे वळतात, आणि त्यातली निम्मी रूपाच्या स्तुतीहून वाईट असते. वर्तमानपत्रातल्या वधू-वर जाहिरातींमधली गृहकृत्यदक्ष मुलगी आता मेसेजात येते: ‘नोकरी करून घरचंही बघता, ग्रेट.’ ‘आजकाल इतक्या संस्कारी मुली कुठे मिळतात.’ ‘तुम्ही बाकीच्या मुलींसारख्या नाही.’ पहिल्यात पुढच्या घरची कामाची वाटणी लपलेली आहे. दुसऱ्यात अट आहे, संस्कारी राहशील तोवर. तिसऱ्यात तिच्या सगळ्या मैत्रिणींचा अपमान आहे, आणि तो तिला लगेच कळतो. लिहिणारा कौतुक करत नसतो, अपेक्षा कळवत असतो. मुलींना ही वाक्यं कळतात त्याहून आधी त्यांच्या आयांना कळतात. एक आई मला म्हणाली, ‘ह्यान आतांच चुलीकडे उबी केली तिका.’

दुसरा धोका कष्टांच्या स्तुतीचा. शिरगाव, मये, मुळगाव हा खाणींचा भाग. 2012 साली खाणी बंद झाल्या, पुढे काही सुरू झाल्या, आणि फेब्रुवारी 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 88 लीज रद्द केल्यावर पुन्हा थांबल्या. ज्या घरांनी कर्ज काढून ट्रक घेतले होते त्यांच्या दारात ते उभे राहिले. अशा घरातला मुलगा बायोडाट्यात एका ओळीत लिहितो, ‘वडिलांचा ट्रकचा व्यवसाय होता, सध्या मी मोपा विमानतळावर नोकरीला.’ यावर मुलगी लिहिते, ‘तुम्ही किती स्ट्रगल केलंय, खरंच अभिमान वाटतो.’ मनाने चांगली मुलगी आहे. पण त्याने स्ट्रगल शब्द लिहिला नव्हता. ‘होता’ हे क्रियापद लिहिलं आणि पुढे गेला. तो विषय त्याला किती उघडायचा आहे हे त्याचं तो ठरवेल. अनोळखी माणसाने पहिल्या दिवशी त्यावर हार घालू नये. त्याच ओळीतून घेण्यासारखं दुसरं काहीतरी असतं: ‘विमानतळावर तुमची ड्युटी रात्रीची पण असते का? पहाटे चारला लोक कसे वागतात हे मला नेहमी जाणून घ्यायचं होतं.’ त्याला त्याच्या कामातलं, आत्ताचं, सांगता येण्यासारखं काहीतरी विचारलं. ट्रकचं तो सांगेल तेव्हा सांगेल. सांगितलं, तर त्या वेळचं कौतुक ऐकून घेण्यातच असतं.

पुरुषांच्या बाबतीत हे सगळं कमी लागू असं समजू नये. आपल्याकडे मुलांना पहिल्या मेसेजात स्तुती क्वचितच मिळते. मिळते तेव्हा उंचीची किंवा सरकारी नोकरीची. नोकरीची स्तुती ही मुलाच्या बाजूची रूपस्तुतीच आहे. तो सोडून त्याचं पद बघितलं जातं.

शिरगावच्या मुलाच्या प्रोफाइलमध्ये हमखास एक फोटो असतो: गळ्यात मोगऱ्याच्या माळा, हातात रंगीत गोंड्यांचा बेत. श्री लईराईच्या जत्रेचा धोंड. वैशाख शुद्ध पंचमीला ही जत्रा भरते, आणि व्रत धरलेले हजारो धोंड तळीवर आंघोळ करून देवीच्या दर्शनाला येतात आणि पहाटे होमकुंडातल्या निखाऱ्यांवरून जातात. बाहेरची मुलगी हा फोटो बघून लिहिते, ‘बापरे, आगीवरून चालता, काय डेअरिंग!’ तिला वाटतं आपण रूप सोडून धैर्याचं कौतुक केलं, म्हणजे बरोबर केलं. पण धोंडाच्या लेखी त्या रात्रीत डेअरिंगचा भाग लहान असतो. त्याने दिवसच्या दिवस नेम पाळलेला असतो, सोवळं सांभाळलेलं असतं, बरोबरीच्या धोंडांसोबत राहून जेवण केलेलं असतं, बहुधा वडील आणि काका धरत होते म्हणून व्रत धरलेलं असतं. निखारे त्या सगळ्याच्या शेवटी येतात. त्याला पराक्रमी म्हणणं म्हणजे त्याच्या भक्तीचा स्टंट करणं. ‘तुमच्या घरात व्रत धरणारे तुम्ही पहिले की आधीपासून कोणी आहे?’ हे विचारलं तर तो घराचं सांगेल, आजोबांचं सांगेल, उन्हाळ्यात आंबे समोर असताना नेम पाळण्याचं सांगेल.

आणि वेळ बघावी. 3 मे 2025 च्या पहाटे याच जत्रेत चेंगराचेंगरी होऊन भाविकांचे बळी गेले. त्यानंतर शिरगावच्या माणसाच्या जत्रेच्या फोटोवर हलकंफुलकं काही लिहायला गेलं की शब्द चुकतात. त्या रात्री तो तिथे होता की नाही, त्याचं कोणी होतं की नाही, हे फोटोवरून कळत नाही. त्या फोटोला पहिल्या दिवशी हात न लावता दुसरं काही घेतलं तर काही बिघडत नाही. प्रोफाइलमध्ये आणखी दोन फोटो असतातच.

आणखी एका गोष्टीत डिचोली-पेडण्याची मुलं-मुली पुण्या-मुंबईच्या मुलामुलींपेक्षा जास्त घसरतात, आणि त्यात दोष गावाच्या आकाराचा आहे. इथे कोणाचीही माहिती दोन फोनांत मिळते. मुलगी दहावीला कुठल्या शाळेत होती, तिची आई कुठल्या फुगडी पथकात होती, भाऊ कुठल्या बारमध्ये बसतो. मग मुलाला मोह होतो, ‘तुम्ही आठवीत वक्तृत्वात पहिल्या आला होता ना? ऐकलंय.’ त्याला वाटतं हे खास तिच्यासाठीच लिहिलेलं कौतुक, म्हणजे मी आत्ताच सांगितलेलंच. पण ते तिने त्याच्यासमोर ठेवलेलं नाही. ते त्याने मागून काढून आणलेलं आहे, आणि तिच्या पोटात पहिली गोष्ट उमटते ती ही, की अजून काय काय विचारलंय याने? चार वर्षांपूर्वीच्या इन्स्टाग्राम फोटोला रात्री एक वाजता लाइक देणं हाही त्यातलाच प्रकार. स्तुती तिने दाखवलेल्या गोष्टींतूनच करायची. बाकीचं माहीत असलं तरी ती सांगेपर्यंत माहीत नसल्यासारखं राहायचं.

संबोधनाचंही इथे वेगळं आहे. कोंकणीत सगळ्यांना सहज ‘तूं’ म्हणणारा मुलगा मराठीत लिहायला लागला की तीच सवय घेऊन येतो. मुलगी सावंतवाडीची किंवा कोल्हापूरची असेल तर पहिल्या दिवशीचा ‘तू’ तिला उद्धट वाटतो, आणि मग मेसेजातली कवंडळंही वाया जातात. ‘तुम्ही’ने सुरुवात करून तीच ‘अहो, तू म्हणा’ म्हणेपर्यंत थांबायला काही पैसे पडत नाहीत.

गृहस्थांशी हे सगळं बोललो तेव्हा त्यांनी चौथा मुद्दा काढला, जो त्यांनी बहुधा राखून ठेवला होता. ‘एवढें बरोवपाक वेळ कोणाक आसा?’ एकेका मुलाकडे महिन्याला पाच-सहा स्थळं येतात, प्रत्येकीसाठी माटोळी न्याहाळत कोण बसणार? हा मुद्दा खरा आहे, पण तो त्यांच्याच विरुद्ध जातो. तीन फोटो आणि दोन ओळी बघायला पाच मिनिटं लागतात. सहा स्थळांना अर्धा तास. ज्या प्रोफाइलवर पाच मिनिटं घालवूनही विचारण्यासारखं एकही वाक्य सुचत नाही तिथे स्तुती करू नये, साधं ‘नमस्कार, मी अमुक, तुमचा नंबर घरच्यांकडून मिळाला’ एवढं लिहावं. त्यात खोटं काही नाही आणि त्याला उत्तरही येतं. आणि सुचत नाही हे सहाही वेळा झालं, तर आपल्याला फोटोतल्या चेहऱ्यापलीकडे काही दिसत नाही हे मुलाला लग्नाआधी कळलेलं बरं. त्या मुलींना तर ते त्याच्या पहिल्या मेसेजातच कळलेलं असतं.